एका थेंबात नाक मोकळं झालं, मग तोच थेंब का नको?

*“माझी मुलगी पाच महिन्यांची आहे, वजन सहा किलो. चार दिवसांपासून सर्दी आहे. ताप नाही, पण नाक इतकं चोंदतं की अंगावर घेतलं की दोन घोट पिऊन सोडते आणि रडते. रात्री छातीत घरघर ऐकू येते. डॉक्टरांनी तपासून फक्त मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले, औषध काहीच नाही. त्या थेंबांनी फरक पडला नाही. परवा रात्री ह्यांनी स्वतःसाठी आणलेल्या नाकाच्या थेंबांतला एकेक थेंब तिच्या नाकात घातला. दहा मिनिटांत नाक मोकळं झालं, ती पोटभर प्यायली आणि सकाळपर्यंत झोपली. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सर्दीच्या गोळीचा पाव तुकडा दुधात उगाळून द्यायचो, काही झालं नाही. धुरी आणि कापराची पुरचुंडी चालू आहेच. एक थेंब घातला तर खरंच एवढं काय बिघडतं?”*
*– एक आई, सातारा जिल्हा*

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ‘तो थेंब पुन्हा घालू नका’ एवढं तुम्हाला कळवलं होतं. त्याचं कारण तिथे दोन ओळींत मावणारं नव्हतं, आणि हाच प्रश्न इतर घरांतही पडत असतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तुम्ही जे पाहिलं ते खरं आहे. थेंब घातला आणि नाक मोकळं झालं, हा योगायोग नव्हता. मोठ्यांच्या अशा थेंबांत बहुतेक वेळा ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या त्याने आवळतात, सुजलेलं अस्तर आक्रसतं आणि हवेला वाट मिळते. सर्दी तिथेच असते, शेंबूडही तिथेच असतो, फक्त भिंती मागे सरकतात. मोठ्या माणसात हे औषध बहुतांशी नाकापुरतं राहतं. सहा किलोच्या बाळात तसं राहील याची खात्री नाही. नाकाच्या अस्तरातून ते रक्तात जातं, उरलेलं घशात उतरून गिळलं जातं, आणि ते मेंदूवर काम करू लागलं की बाळ सुस्तावतं, नाडी मंदावते, अंग गार पडतं आणि जास्त झालं तर श्वासही मंद होतो.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा: ‘सकाळपर्यंत झोपली.’ चार दिवस धड न प्यायलेलं, धड न झोपलेलं बाळ पोट भरल्यावर गाढ झोपू शकतं, आणि तसंच झालं असेल. पण ती झोप दमल्याची होती की औषधाची, हे बाहेरून बघून तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. आता दोन दिवस उलटून गेलेत आणि ती जागी असताना नेहमीसारखी हसते-खेळते आहे, तर त्या रात्रीची काळजी सोडून द्या. कुणाकडून असा थेंब नुकताच घातला गेला असेल आणि बाळ उठवूनही नीट जागं होत नसेल, गार लागत असेल किंवा श्वास संथ वाटत असेल, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा, किंवा १०८ ला फोन करायचा.

‘एकच थेंब’ हे मापही फसवं आहे. मोठ्यांच्या बाटलीत ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्के असतं आणि झायलोमेटाझोलिन ०.१ टक्का. काही देशांत तान्ह्या बाळांसाठी ऑक्सिमेटाझोलिन मिळतं ते ०.०१ टक्क्याचं, म्हणजे त्यांच्या पाच थेंबांत जेवढं औषध तेवढं ह्यांच्या बाटलीच्या एका थेंबात. बाळ मान हलवतं, बाटली जरा जास्त दाबली जाते, आणि एकाचे तीन कधी झाले ते कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये या गटातल्या डोळ्यांच्या आणि नाकाच्या थेंबांबद्दल इशारा दिला होता, की लहान मुलाच्या पोटात १ ते २ मिलिलिटर गेलं तरी गंभीर परिणाम होऊ शकतात. एवढं औषध चहाच्या चमच्यात अर्धंही भरत नाही. घरात रांगतं किंवा चालतं मूल असेल तर ती बाटली टीव्हीशेजारच्या कप्प्यातून उचलून उंच फडताळात गेलेली बरी.

आणखी एक गोष्ट. हे थेंब सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की उलटतात. औषधाचा जोर ओसरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, नाक पुन्हा चोंदतं, मग पुन्हा थेंब. मोठी माणसं या फेऱ्यात महिनोन्‌महिने अडकलेली दिसतात. एखाद्या बाळाला डॉक्टर स्वतः तपासून, कमी ताकदीचे थेंब मोजक्या दिवसांसाठी देतात, तो निर्णय वेगळा. घरातली बाटली वापरायला ती परवानगी नव्हे.

जाता जाता बाटल्यांच्या नावांबद्दल सांगते, कारण मेडिकलमध्ये याच ठिकाणी घोटाळा होतो. एकाच नावाखाली, जवळपास सारख्या दिसणाऱ्या खोक्यांत, एक बाटली नुसत्या मिठाच्या पाण्याची असते आणि दुसरी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाची. मोठ्या अक्षरांतलं नाव सारखं, पुढे एखादं अक्षर किंवा छोटा शब्द वेगळा. त्यामुळे नाव सांगून मागू नका. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. तिथे सोडियम क्लोराईड, साधारण ०.६५ टक्के, आणि त्याशिवाय दुसरं औषध नसेल तरच ती बाटली बाळाची. ‘झोलिन’ने संपणारं काहीही दिसलं की ती ह्यांची.

आता ‘औषध काहीच नाही’ याबद्दल. माझ्या मते सगळी गडबड या वाक्यापासून सुरू झाली आहे. डॉक्टरांनी तुम्हाला रिकाम्या हाती पाठवलं असं तुम्हाला वाटलं, म्हणून घरातल्या प्रत्येकाने ती रिकामी जागा आपापल्या परीने भरायला घेतली. खरं तर त्यांनी उपचार दिला होता. तो कसा करायचा हे दाखवलं गेलं नाही, एवढंच राहिलं. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिला मारणारं औषध नाही, अँटिबायोटिकचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. ती सात ते दहा दिवस चालते, कधी दोन आठवडे रेंगाळते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जास्त त्रास देते. तुम्ही पत्र लिहिलंत तो नेमका चौथा दिवस. पाण्यासारखा शेंबूड मग घट्ट, पिवळा, हिरवट होतो, तेही तिच्या नेहमीच्या वाटेवरचंच आहे. रंग बदलला म्हणून औषध बदलायचं कारण नाही.

बाळाच्या बाबतीत अडचण सर्दीपेक्षा नाकाची आहे. पहिले काही महिने बाळं जवळजवळ नाकानेच श्वास घेतात. तोंडाने घेता येत नाही असं नाही, पण ते त्यांना चटकन सुचत नाही. त्यात नाकपुडीची वाट इतकी अरुंद, की थोड्याशा सुजेने आणि शेंबडाच्या एका लोळ्याने ती बंद होते. अंगावर पिताना तोंड भरलेलं असतं, नाक बंद असतं, मग दोन घोट आणि सुटका. तिला भूक नाही असं नसतं, तिला त्या क्षणी पिणं आणि श्वास यांतलं एकच करता येत असतं. म्हणून सर्दी घालवण्याच्या मागे न लागता, प्रत्येक पाजण्याच्या आधी नाक मोकळं करायचं. एवढं साधलं की बाकीचं काम तिचं शरीर करतं.

हे ध्यानात आलं की सर्दीची औषधं उलट्या दिशेची का, तेही कळतं. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपांत आणि थेंबांत क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असते. पहिलं शेंबूड सुकवतं, म्हणजे घट्ट करतं, आणि गुंगी आणतं. मोठ्या माणसाला वाहतं नाक थांबल्याचं बरं वाटतं, कारण तो घट्ट झालेला शेंबूड जोराने शिंकरून टाकू शकतो. बाळाला शिंकरता येत नाही. याच जोडीबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी कंपन्यांना ‘४ वर्षांखालील मुलांना वापरू नये’ असं खोक्यावर छापायला सांगितलं. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली, त्यांतल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूही नयेत आणि देऊही नयेत, असं कळवलं. सिरपमधली भेसळ हा वेगळा गुन्हा, पण भेसळ नसतानाही तान्ह्या बाळाच्या सर्दीत या औषधांचा उपयोग नाही, हे त्या सूचनेच्या मुळाशी आहे.

सासूबाईंच्या पाव गोळीचं गणित करून बघू, कारण ‘काही झालं नाही’ याला आकड्यांनीच उत्तर देता येतं. सर्दीच्या नेहमीच्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन १० आणि क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम असतं, काहींत कॅफिनही. तिचा पाव तुकडा म्हणजे १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. बाळाला ते ताप असेल तेव्हा एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशोबाने देतात. तुमच्या सहा किलोच्या लेकीला ६० ते ९०. म्हणजे पाव तुकड्यातच तिच्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त औषध, तेही तिला ताप नसताना. शिवाय विळीवर किंवा दाताने तोडलेला ‘पाव’ कधी पाव असतो? एक तुकडा मोठा, एक लहान, थोडा भुगा ताटलीत. आणि दिवसातून तीनदा दिला, की यकृतावरचा भार साचत जातो. वर गुंगी आणणारं दुसरं औषध आहेच. त्या काळी मुलं शांत झोपायची असं त्या म्हणतात ना, ती याची झोप.

त्या खोटं बोलत नाहीत. बहुतेक मुलांना खरंच काही झालं नाही, कारण बहुतेक सर्दी आपोआप बरी होते आणि बहुतेक बाळं थोडं जास्त औषधही पचवतात. ज्यांनी पचवलं नाही, त्या घरांनी ती गोष्ट गोळीच्या नावावर मांडली नाही. ‘छाती भरली आणि गेलं’ एवढंच म्हटलं गेलं.

आता मिठाच्या पाण्याच्या थेंबांकडे. ‘फरक पडला नाही’ असं तुम्ही लिहिता, पण कधी घातले, किती घातले आणि नंतर काय केलं, ते लिहीत नाही. माझा अंदाज असा, की बाळ रडायला लागल्यावर घाईघाईने एकेक थेंब घातला, लगेच अंगावर घेतलं, आणि ती पुन्हा रडली. असं केलं तर फरक पडणार नाही. मिठाचं पाणी भिंती मागे सारत नाही, ते शेंबूड सैल करतं. सैल व्हायला वेळ लागतो आणि सैल झालेला बाहेर काढावा लागतो.

पाजायच्या साधारण पंधरा मिनिटं आधी सुरुवात करा. तिने भुकेने आकांत मांडायच्या आधीच. पाजून झाल्यावर हे करायला गेलात तर प्यायलेलं सगळं उलटून पडेल. बाटली मुठीत धरून किंवा काखेत ठेवून थोडी कोमट होऊ द्या, गार थेंबाने बाळ दचकतं. तिला पाठीवर निजवा आणि खांद्यांखाली दुपट्याची घडी ठेवा. डोक्याखाली नाही, खांद्यांखाली, म्हणजे हनुवटी जराशी वर येते आणि नाकपुड्या छताकडे होतात. कुणीतरी समोरून तिचे दोन्ही हात हलकेच धरायचे, हे काम सासूबाईंना द्या. एका नाकपुडीत दोन ते तीन थेंब घाला, बाटलीचं टोक आतल्या भिंतीला लागू देऊ नका. मग थांबा, निदान एक मिनिट. ती शिंकेल, तोंड वाकडं करेल, थोडं घशात जाऊन गिळेल, सगळं चालतं. मिठाचं पाणी गिळलं गेलं तर काही बिघडत नाही. मग दुसरी नाकपुडी.

बऱ्याचदा शिंकेनेच लोळा पुढे येतो आणि मऊ, ओल्या सुती कापडाने टिपून काम होतं. नाही आला, तरच नाक ओढायचा रबरी बल्ब घ्यायचा. इथे एक चूक हमखास होते: लोक बल्बचं टोक नाकात ठेवून मग दाबतात. तसं केलं तर हवा आत फुंकली जाते आणि शेंबूड आणखी मागे ढकलला जातो. आधी बाहेरच बल्ब पूर्ण दाबा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी अलगद टेकवा, आणि मग बोटं हळूहळू सोडा. ओढलेलं कापडावर पिचकारून बघा. टोक आत खोल घालायचं नाही. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, अस्तर सोलवटलं की सुजतं आणि रक्ताचा ठिपका दिसू लागतो. तसं दिसलं तर एक दिवस नुसते थेंब. बल्ब प्रत्येक वेळी साबणाच्या कोमट पाण्याने आतून धुऊन, पाणी झटकून, तोंड खाली करून वाळवायचा. आत ओल राहिली तर बुरशी धरते. आणि तोंडाने बाळाचं नाक ओढायची पद्धत काही घरांत आहे, ती नको, तुमच्या घशातलं तिला आणि तिच्या नाकातलं तुम्हाला.

हे पाणी घरी मीठ घालून करायचं का, असं विचारलं जातं. मी नको म्हणते. चिमूट कधी लहान होते, कधी मोठी, खारट झालं तर नाक झोंबतं, आणि उकळून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तसंच वापरलं जातं. मेडिकलची बाटली स्वस्त आहे. फक्त फोडल्यावर किती दिवस वापरायची ते खोक्यावर बघा आणि दोन मुलांना एकच बाटली वापरू नका.

घरघरीबद्दल तुम्ही काळजीत आहात, ते स्वाभाविक आहे. बाळाच्या पाठीवर हात ठेवला तर ती घरघर हाताला लागते, म्हणून कफ छातीत उतरला असं वाटतं. पण छाती लहान आणि नाक तिच्या जवळ, त्यामुळे नाकाचा आवाज छातीत घुमतो. परीक्षा सोपी आहे. वर सांगितलं तसं नाक साफ करा आणि पुन्हा ऐका. आवाज बराच कमी झाला तर तो नाकाचा. नाक मोकळं असूनही छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा श्वास लवकर लवकर चालत असेल, तर डॉक्टरांनी ऐकायला हवं. आणि शेजारून आणलेल्या वाफेच्या मशीनमधून दम्याचं औषध देण्याचा सल्ला आला तर साध्या सर्दीत त्याचा उपयोग नाही. भांड्यात गरम पाणी घेऊन वाफ तर बाळाला कधीच नाही, भाजण्याचा धोका फायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता घरात चालू असलेल्या गोष्टी. कापराची पुरचुंडी आजच काढा. पाच महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला तर थोड्या वेळातच झटके येऊ शकतात. छातीला चोळायच्या मोठ्यांच्या बाममध्येही कापूर, मेंथॉल, निलगिरी असतं. दोन वर्षांखाली तो लावायचा नाही, नाकाखाली तर नाहीच. वासाने नाक मोकळं झाल्याचा भास होतो, वाट उघडत नाही. धुरीने नाकाचं अस्तर उलट सुजतं, आणि दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवली तर न दिसणारा विषारी वायू साचतो. हाच हिशोब अगरबत्तीला आणि डासांच्या कॉइललाही लावा. नाकात तेलाचा थेंब नको, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि वेगळाच न्यूमोनिया करतं. मधाचं बोट एक वर्षापर्यंत नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जायफळ, वेखंड उगाळून चाटवणंही थांबवा.

हे सगळं एका दमात सासूबाईंना सांगितलंत तर घरात वादच होईल. त्यांना बंद करायचं काम न देता करायचं काम द्या. अंगाला कोमट तेल लावणं, तळपाय चोळणं, टाळूला तेल लावणं याला काही हरकत नाही. कापूर नसलेली ओव्याची पुरचुंडी बाळाचा हात पोचणार नाही अशी टांगली तर अपाय नाही. उपयोगही नाही, पण तेवढी सूट मी देईन. तापवलेली पुरचुंडी मात्र छातीला टेकवू देऊ नका. आणि एका मुद्द्यावर त्यांचं ऐकू नका: तुम्ही दही खाल्लं, केळं खाल्लं, भात खाल्ला म्हणून तिला सर्दी झाली नाही. ती घरातल्या कुणाच्या तरी शिंकेतून किंवा न धुतलेल्या हातातून आली. तुम्हाला सर्दी झाली तरी पाजणं सोडायचं नाही, फक्त स्वतः गोळी घ्यायच्या आधी ‘मी पाजते’ हे डॉक्टरांना सांगा, कारण सर्दीच्या काही गोळ्यांनी दूध कमी होतं.

नाक साफ केल्यावरही ती नेहमीएवढं एका दमात पिणार नाही. थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा, आणि तिला जरा उभी धरून घ्या. पुरेसं पोटात जातंय का, हे शूवरून कळतं. लंगोट किती ओले झाले ते मोजा, नेहमीच्या निम्म्यावर आले तर डॉक्टरांना दाखवा. रात्री मात्र तिला सपाट, टणक गादीवर पाठीवरच निजवा. डोक्याखाली उशी किंवा झोळीतली झोप यांनी हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी दुमडते.

शेवटी, घरी वाट बघत कधी थांबायचं नाही, ते. श्वास मोजायची सवय आजच करा, ती शांत झोपलेली असताना. अंगावरचा झबला वर करा, पोटावर नजर ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे जलद. २ महिन्यांच्या आतल्या बाळात ही रेषा ६० वर आहे. आकडा जास्त आला, दुसऱ्यांदा मोजूनही तसाच आला, तर त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास मध्येच थांबत असेल, किंवा ती पिणंच सोडून मलूल पडली असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. लहान बाळांत सर्दीचा विषाणू कधी कधी फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत उतरतो आणि तो त्रास तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढतो, म्हणून हे दोन-तीन दिवस मोजमाप सोडू नका.

ताप आला तर तो काखेत थर्मामीटर लावून बघा, हाताने नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध न देता थेट डॉक्टर. तुमची लेक मोठी आहे, तिला पॅरासिटामॉल चालेल, पण वजनाप्रमाणे किती मिलिलिटर ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कारण थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपच्या बाटलीत ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५०. थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर दिलं तर एकदम ५०० मिलिग्रॅम जातं. बाटलीबरोबर मिळालेल्या ड्रॉपरनेच मोजा, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. आणि नाक मोकळं करायला ते औषध नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दहा दिवसांनंतरही सर्दी कमी न होता तशीच राहिली, किंवा बरी होत आलेली एकदम उसळली, तर पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा. जाताना घरात तिला दिलेली प्रत्येक बाटली पिशवीत घालून न्या, ह्यांच्या थेंबांचीही. कुठल्या तारखेला, किती वाजता, किती थेंब, ते कागदावर लिहा. कुणी रागावेल म्हणून ती बाटली घरी ठेवू नका, कारण बाळ सुस्त का आहे हे शोधताना डॉक्टरांना पहिल्यांदा तीच लागते.